प्रबंधाचं शब्दांचं अंदाजपत्रक आणि फुगलेल्या प्रकरणांची छाटणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया इथून पीएच.डी. करणारे जे विद्यार्थी प्रबंध दाखवायला आणतात, त्यांतल्या बहुतेकांची अडचण एकच असते : "सर म्हणतात कमी करा, पण कुठून कमी करू?" या पानावरची उत्तरं त्याभोवतीच आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय : काटोल आणि नरखेड तालुक्यांतले संत्रा उत्पादक आपला माल कसा विकतात, यावरचा मराठीतला प्रबंध. तो समजावण्यासाठी रचलेला आहे आणि आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत. त्याची मर्यादा ६०,००० शब्द धरली आहे. तुमची मर्यादा वेगळी असेल, पण हिशोब तोच राहील.

१. शब्दांचं अंदाजपत्रक म्हणजे काय? आधी लिहून मग मोजलं तर चालणार नाही का?

अंदाजपत्रक म्हणजे लिहायला बसण्याआधी प्रत्येक प्रकरणाला आणि उपविभागाला ठरवून दिलेला शब्दांचा वाटा. आधी लिहून मग मोजलं, की एकूण किती जास्त झालं ते कळतं. पण कोणत्या प्रकरणाने जास्त जागा घेतली ते कळत नाही, कारण कुणाला किती जागा होती हे ठरलेलंच नसतं. वाटा कागदावर असला, की छाटणीच्या वेळी तुमच्याकडे एक मोजपट्टी असते. नसला, तर जे शेवटी लिहिलं तेच कापलं जातं, आणि शेवटी लिहिलेलं असतं ते निष्कर्षाचं प्रकरण.

२. आमच्या मॅडम पानांत सांगतात, शब्दांत नाही. "अडीचशे पानांच्या आत आणा" म्हणाल्या. मग शब्द किती?

तुमच्या स्वतःच्या मजकुरावरून काढा. ज्या फाँटमध्ये, ज्या आकारात आणि ओळींमधल्या ज्या अंतराने प्रबंध जमा करायचा आहे, त्यात सलग मजकुराची पाच पानं घ्या. कोष्टक किंवा आकृती असलेलं पान घेऊ नका. पाचही पानांचे शब्द मोजून सरासरी काढा. समजा पानाला २८० शब्द आले, तर ६०,००० शब्दांची साधारण २१५ पानं होतात. कोष्टकं आणि नकाशे त्यावर वेगळे.

इंग्रजी प्रबंधांसाठी सांगितलेले आकडे मराठीला लावू नका. "संत्रा उत्पादकांच्या बागेतून" हे आपल्याकडे तीन शब्दांत होतं, कारण प्रत्यय शब्दाला चिकटतो. तोच आशय इंग्रजीत जास्त शब्द घेतो. दुसरी गोष्ट टायपिंगची. डीटीपीवाल्याने "करण्या साठी", "शेतकऱ्यां नी" असं तोडून टाइप केलं असेल, तर एमएस वर्ड ते दोन-दोन शब्द मोजतं, कारण त्याला फक्त मधली मोकळी जागा कळते. मोजणी करण्याआधी हे दुरुस्त करून घ्या.

३. मर्यादेत काय काय मोजतात? तळटीपा, कोष्टकं, संदर्भसूची?

संदर्भसूची आणि परिशिष्टं सहसा मोजत नाहीत. तळटीपा आणि कोष्टकं यांबाबत मात्र पद्धत बदलते, म्हणून विभागाकडून लेखी उत्तर घ्या. सहामाही प्रगती बैठकीच्या टिपणात नोंदवून घेतलं तर उत्तम. तुमचा नियम काहीही असो, सगळी प्रकरणं एकाच पद्धतीने मोजा. वर्डमध्ये शब्दसंख्येच्या चौकटीत तळटीपा धरायच्या की नाही यासाठी खूण असते. एका प्रकरणाला ती चालू आणि दुसऱ्याला बंद राहिली, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

४. कोणत्या प्रकरणाला किती टक्के? काही ठरलेलं सूत्र आहे का?

सगळ्या विषयांना चालेल असं सूत्र नाही, आणि कुणी दिलं तर घेऊ नका. वाटप उद्दिष्टांवरून करा, तेही मागून पुढे. निष्कर्षात तुम्हाला काय सिद्ध करून दाखवायचंय ते आधी लिहून काढा. मग ते सिद्ध करायला विश्लेषणाला किती जागा लागेल ते ठरवा. मग ते विश्लेषण समजायला वाचकाला आधी काय माहीत हवं ते बघा. प्रस्तावना आणि अभ्यासक्षेत्र यांना उरलेलं मिळतं.

आपल्या संत्र्याच्या प्रबंधात तीन उद्दिष्टं आहेत : विक्रीचे मार्ग, मार्गानुसार शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातला फरक, आणि साठवण-वाहतुकीच्या अडचणी. दुसरं उद्दिष्ट सगळ्यांत अवघड, कारण तिथे आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांचे भाव वेगवेगळे मांडावे लागतात. म्हणून विश्लेषणाचे २२,००० शब्द ७,०००, १०,००० आणि ५,००० असे वाटले. बाकी प्रकरणांना असे वाटे दिले : प्रस्तावना ५,५००, पूर्वसंशोधनाचा आढावा ११,०००, संशोधन पद्धती ६,५००, अभ्यासक्षेत्र ५,०००, निष्कर्ष व शिफारशी ७,०००. बेरीज ५७,००० होते. उरलेल्या ३,००० शब्दांसाठी प्रश्न ६ बघा.

५. प्रकरणाच्या आत उपविभागांनाही वाटा द्यायचा का? जरा जास्तच होतं असं वाटत नाही का?

५,००० शब्दांच्या वरच्या प्रत्येक प्रकरणात द्या. त्याहून लहान प्रकरणात गरज नाही.

आढाव्याचं प्रकरण घ्या. त्याचे ११,००० शब्द त्याच तीन उद्दिष्टांच्या धाग्यांवर बसवले : सुरुवातीला ५००, विक्रीचे मार्ग ३,०००, भाव ४,५००, साठवण-वाहतूक २,०००, आणि शेवटी संशोधनातली पोकळी दाखवायला १,०००. विश्लेषणात भावाला सर्वाधिक जागा आहे, म्हणून आढाव्यातही भावालाच सर्वाधिक. ही दोन प्रमाणं जुळत नसतील, तर आढावा एकीकडे चाललाय आणि प्रबंध दुसरीकडे, असं समजा. मार्गदर्शकांना हे लिहून झाल्यावर दिसतं. तुम्हाला ते आकड्यांत आधीच दिसेल.

६. राखीव शब्द ठेवावेत का?

ठेवा, एकूण मर्यादेच्या पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्या उदाहरणात ३,०००. ते कोणत्याही प्रकरणाच्या नावावर टाकू नका. मार्गदर्शक उशिरा एखादा मुद्दा वाढवायला सांगतात, क्षेत्रकार्यात अनपेक्षित काही हाती लागतं, त्यासाठी ते असतात. पहिल्याच प्रकरणात खर्च झाले, तर ते राखीव नव्हतेच.

७. माझा मसुदा ७०,००० झाला. दहा हजार कमी करायचेत. सगळ्या प्रकरणांतून सारख्याच टक्क्यांनी कापलं तर न्याय्य होईल ना?

नाही. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर बघू.

| प्रकरण | वाटा | मसुदा | जादा |
|---|---|---|---|
| प्रस्तावना | ५,५०० | ६,५०० | १,००० |
| आढावा | ११,००० | १७,००० | ६,००० |
| संशोधन पद्धती | ६,५०० | ६,००० | ० |
| अभ्यासक्षेत्र | ५,००० | ९,००० | ४,००० |
| विश्लेषण | २२,००० | २५,००० | ३,००० |
| निष्कर्ष | ७,००० | ६,५०० | ० |

सगळीकडून सारखे टक्के, म्हणजे सुमारे १४ टक्के कापले, तर संशोधन पद्धतीतून साडेआठशेच्या वर आणि निष्कर्षातून नऊशेच्या वर शब्द जातील. या दोन्ही प्रकरणांनी तर आपला वाटाही पुरता वापरलेला नाही. नमुना निवड कशी केली ते पद्धतीच्या प्रकरणातून उडालं, की मौखिकीत नेमका तोच प्रश्न येतो. उलट आढाव्याचे १७,००० पैकी अडीच हजारही जाणार नाहीत, म्हणजे सहा हजारांनी सुजलेलं प्रकरण जवळजवळ तसंच राहील.

म्हणून प्रमाण लांबीचं धरू नका, जादा भागाचं धरा. जादाची बेरीज १४,००० आहे आणि कापायचे आहेत १०,०००. म्हणजे प्रत्येक प्रकरणाने आपल्या जादा भागाचे सातातले पाच हिस्से द्यायचे. शंभराच्या पटीत प्रस्तावनेतून ७००, आढाव्यातून ४,३००, अभ्यासक्षेत्रातून २,९०० आणि विश्लेषणातून २,१०० जातात. बेरीज बरोबर १०,०००. पद्धती आणि निष्कर्ष यांना हात लागत नाही.

जादा १४,००० असूनही १०,००० च का कापायचे, असं कुणी विचारतं. राखीव ३,००० इथे कामी आले, आणि पद्धती व निष्कर्ष या दोन प्रकरणांनी प्रत्येकी ५०० शब्द वाचवले.

८. पण विश्लेषण हा माझा मूळ भाग आहे. क्षेत्रकार्य तिथेच आहे. त्यालाही आढाव्याइतकीच कात्री लावायची?

नाही. इथे भार लावायचा. जे प्रकरण जपायचंय त्याचा जादा भाग निम्माच मोजा. विश्लेषणाचे जादा ३,००० आहेत, ते हिशोबात १,५०० धरा. आता भारित जादाची बेरीज १२,५०० झाली, आणि १०,००० भागिले १२,५०० म्हणजे ०.८. प्रस्तावनेतून ८००, आढाव्यातून ४,८००, अभ्यासक्षेत्रातून ३,२००, विश्लेषणातून १,२००. छाटणीनंतर विश्लेषण २३,८०० वर थांबतं आणि आढावा १२,२०० वर येतो.

भार एकाच प्रकरणाला लावा, फार तर दोन. सगळीच प्रकरणं "महत्त्वाची" ठरवली, तर ओझं पुन्हा सगळ्यांवर सारखंच येतं आणि भार लावून काही साधत नाही. कुठे भार लावायचा ते मार्गदर्शकांना विचारून ठरवा. मौखिकीत तुमच्या बाजूने तेच बसणार आहेत.

इथून पुढच्या उत्तरांत ०.८ हेच प्रमाण धरलंय.

९. हे एक्सेलमध्ये कसं मांडायचं?

पहिल्या ओळीत मथळे, दुसऱ्या ते सातव्या ओळीत सहा प्रकरणं. A स्तंभात नाव, B मध्ये वाटा, C मध्ये मसुदा, D मध्ये भार (साधारणपणे १, जपायच्या प्रकरणाला 0.5). H1 मध्ये एकूण किती कापायचं ते.

```
H1: =SUM(C2:C7)-60000
E2: =MAX(0,C2-B2)*D2
F2: =E2/SUM(E$2:E$7)*H$1
```

E2 आणि F2 सातव्या ओळीपर्यंत खाली ओढा. F मध्ये प्रत्येक प्रकरणातून जाणारे शब्द मिळतात. `MAX(0,…)` विसरू नका. ते नसेल तर वाट्याच्या आत असलेल्या प्रकरणाला उणे आकडा येतो, म्हणजे पत्रक तुम्हाला तिथे शब्द वाढवायला सांगतं.

१०. आढाव्यातून ४,८०० शब्द काढायचे हे कळलं. पण प्रत्यक्ष कुठून? प्रत्येक परिच्छेद मला हवाच वाटतो.

आधी आकडा उपविभागांत उतरवा, प्रश्न ७ मधल्याच रीतीने. मसुद्यात सुरुवात १,५००, मार्ग ६,०००, भाव ४,५००, साठवण ४,०००, पोकळी १,००० शब्दांची आहे. प्रश्न ५ मधल्या वाट्यांशी ताडून बघितलं, तर जादा फक्त तीन ठिकाणी आहे : सुरुवातीला १,०००, मार्गात ३,०००, साठवणीत २,०००. ०.८ ने गुणलं, की अनुक्रमे ८००, २,४०० आणि १,६०० जातात. भावाच्या विभागातला एकही शब्द जात नाही. "प्रकरण कापायचंय" म्हटल्यावर येणारी धास्ती इथे निम्मी होते, कारण आता दोन-तीनच जागा बघायच्या असतात.

आता परिच्छेदाकडे. आपल्याकडच्या आढाव्यात एका अभ्यासकाला एक परिच्छेद देण्याची रीत आहे, आणि प्रत्येक परिच्छेद असा असतो :

"अभ्यासक 'अ' यांनी संत्र्याच्या विपणनाचा अभ्यास केला. सदर अभ्यासाचा मुख्य उद्देश संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या विक्रीविषयक समस्या जाणून घेणे हा होता. सदर अभ्यासातून असे निदर्शनास आले की, बहुतांश शेतकरी आपला माल बागेतच व्यापाऱ्याला विकतात."

हे ३३ शब्द. पुढे 'ब' आणि 'क' यांचेही जवळपास असेच परिच्छेद येतात, म्हणजे एकूण शंभर. तिघांचं मिळून असं होतं :

"बहुतांश शेतकरी माल बागेतच विकतात, असे 'अ', 'ब' आणि 'क' या तिघांनाही आढळले, कारणांबाबत मात्र त्यांच्यात मतभेद आहेत."

१८ शब्द. एकही संदर्भ गेला नाही. उलट जी गोष्ट तीन सुट्या परिच्छेदांत दिसत नव्हती, म्हणजे मतभेद, ती वर आली. मतभेद कुठे आहे ते पुढच्या दोन वाक्यांत सांगा, ती जागा तेवढ्या मोलाची आहे. मार्गांच्या विभागातले २,४०० शब्द मुख्यतः अशाच जोडणीतून निघतात. "सदर", "निदर्शनास आले की", "याबाबत सविस्तर विवेचन करण्यात आले आहे" असे शब्द एकेक करून खुडत बसलात तर आठवडे जातील आणि चारशे शब्दही हलणार नाहीत.

११. अभ्यासक्षेत्राचं प्रकरण पाचऐवजी नऊ हजारांचं झालंय. जिल्ह्याची माहिती तर द्यावीच लागते ना?

प्रबंधाला जी लागते तेवढीच. नागपूर जिल्ह्यावरचं हे प्रकरण बख्तबुलंद शहापासून सुरू होतं, भोसल्यांच्या काळातून जातं, १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं हेही सांगतं, आणि नद्या, खनिजं, साक्षरता असं करत शेवटी काटोलला पोचतं. इथे प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारा : विश्लेषणात किंवा निष्कर्षात मी याचा पुन्हा उल्लेख केलाय का? काटोल-नरखेडची जमीन, सिंचन, विहिरींची स्थिती, कळमना बाजारापर्यंतचं अंतर, यांचा उल्लेख येतो, कारण भाव आणि वाहतूक त्यांच्याशी बांधलेले आहेत. राजधानीचा येत नाही. आपल्या शहराचा इतिहास काढून टाकताना वाईट वाटतं हे मला समजतं, पण ३,२०० पैकी बहुतेक शब्द इथेच मिळतात.

१२. विश्लेषणातून १,२०० शब्द काढले तर पुरावा कमी होणार नाही का?

पुराव्याला हात लावायचा नाही, पुनरुक्ती काढायची. कोष्टकात सगळी टक्केवारी असते आणि खालच्या मजकुरात ती ओळीने पुन्हा लिहिलेली असते. चाळीस कोष्टकं असतील आणि प्रत्येकाखालचे तीस शब्द गेले, तर १,२०० तिथेच झाले. कोष्टकाखाली फक्त वाचकाने काय बघावं आणि ते तसं का झालं, एवढंच ठेवा.

१३. माझ्याकडे शेतकऱ्यांच्या वऱ्हाडीतल्या मुलाखती आहेत. त्यांचे शब्द मी बदलू शकत नाही. मग छाटणी कशी?

बोलणाऱ्याचे शब्द बदलू नका आणि प्रमाण मराठीत आटवूही नका. वऱ्हाडीतलं म्हणणं हाच तुमचा पुरावा आहे. एका मुद्द्यावर चार उतारे असतील तर सगळ्यांत नेमका एक ठेवा, उरलेले उतारे परिशिष्टात न्या आणि मजकुरात परिशिष्टाचा क्रमांक द्या. ठेवलेल्या उताऱ्यातला मधला भाग वगळला, तर तीन टिंबं हवीतच. वगळल्यामुळे "पण" किंवा "नाही" गळून अर्थ उलटा होत नाही ना, ते मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघा. परिशिष्ट मर्यादेत मोजत असतील (प्रश्न ३), तर हा मार्ग बंद होतो आणि उतारे निवडूनच घ्यावे लागतात.

१४. निष्कर्षाचं प्रकरण वाट्यापेक्षा पाचशेने कमी आहे. ते भरून काढू का?

भरायचं म्हणून भरू नका. एकदा एवढं तपासा : प्रत्येक उद्दिष्टाला निष्कर्षात उत्तर मिळालंय का, आणि प्रत्येक शिफारस एखाद्या कोष्टकाकडे किंवा उताऱ्याकडे बोट दाखवते का. दोन्ही होत असेल, तर ६,५०० शब्द पुरेसे आहेत.

१५. जादा सगळं काढलं तरी मर्यादेत बसत नाही. आता?

समजा मर्यादा ५५,००० च निघाली. कापायचे १५,०००, पण जादा आहे १४,०००. अशा वेळी भार बाजूला ठेवा आणि जादा सगळं काढा. मसुदा ५६,००० वर येईल. उरलेले १,००० आता सगळ्या प्रकरणांतून लांबीच्या प्रमाणात घ्या, म्हणजे प्रत्येकातून पावणेदोन-दोन टक्के. लांबीचं प्रमाण इथे चालतं, कारण आता प्रत्येक प्रकरण आपल्या वाट्याच्या आत आलेलं असतं.

उरलेला आकडा दहा टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर वाक्यं कापून भागणार नाही. एक उद्दिष्टच कमी करावं लागेल. तो निर्णय मार्गदर्शकांसोबत घ्यायचा, आणि मंजूर आराखड्यात बदल होत असल्याने त्याची परवानगीही लागेल.

१६. छाटणी अर्धी झाली आणि सरांनी हजार शब्दांचा नवा उपविभाग घालायला सांगितला. सगळा हिशोब मोडला का?

नाही, एकच आकडा बदलतो. कापायचे १०,००० ऐवजी ११,००० होतात, प्रमाण ०.८ चं ०.८८ होतं. प्रस्तावना ८८०, आढावा ५,२८०, अभ्यासक्षेत्र ३,५२०, विश्लेषण १,३२०. हे पत्रक सरांना दाखवा. नवा विभाग कशाच्या जागी येतोय हे आकड्यांत दिसलं, की काही वेळा तेच म्हणतात, "मग दोन परिच्छेदांतच घे."

१७. छाटणी झाल्यावर काय तपासू?

काढलेला मजकूर पुसू नका. प्रकरणवार वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यातून शोधनिबंध होऊ शकतो. मग मजकुरात "वर पाहिल्याप्रमाणे", "मागील प्रकरणात नमूद केल्याप्रमाणे" हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी ते वर अजून आहे का ते बघा. छाटणीनंतर सगळ्यांत जास्त चुका इथे निघतात. कोष्टकांचे क्रमांक आणि अनुक्रमणिका नव्याने करा. ज्यांचा उल्लेख मजकुरातून पूर्ण गेला, अशा अभ्यासकांची नावं संदर्भसूचीतून काढा. शेवटी प्रश्न ३ मधल्या त्याच पद्धतीने सगळी प्रकरणं पुन्हा मोजा आणि नवे आकडे पत्रकातल्या C स्तंभात भरा. H1 मध्ये शून्य किंवा उणे आकडा आला, की प्रबंध बांधणीला देता येतो.